चार, एक किंवा सात, शून्य

पहिल्यांदा मी त्या कागदाच्या सव्वीसच्या सव्वीस ओळींपुढे ‘अ’ लिहिला. तो निव्वळ राग होता, दुसरं काही नाही.

‘अ’ म्हणजे अंदाज. मावशीचं भाषांतराचं ऑफिस हॉस्पिटलच्या बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर, आणि वारा सोडून बाकी सगळं देणारा एक पंखा. लोक परदेशातले कागद घेऊन येतात, आम्ही ते आपल्या भाषेत करून देतो. हल्ली कागद कमीच येतात, कागदाचे फोटो येतात. वाकडे, अंधारे, घडी पडलेले, कुणाचं तरी बोट मधे आलेले. म्हणून मावशीनं नियम केलाय: फोटोवरून भाषांतर असेल तर प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला एक अक्षर. ‘प’ म्हणजे पक्कं, दिसलंही आणि कळलंही. ‘अ’ म्हणजे अंदाज, आणि का अंदाज ते दोन शब्दांत: घडी, चकाकी, अक्षर. ‘न’ म्हणजे वाचता आलं नाही, तिथे रिकामा कंस, आपल्या मनाचं काही घालायचं नाही.

“वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, कुठे डोळे झाकून चालायचं आणि कुठे हात धरून,” असं मावशी म्हणते. दिवसातून चारदा म्हणते.

आदल्या दिवशी एका दाखल्यात मी रस्त्याचं नाव अंदाजानं लिहिलं आणि वर ‘प’ ठोकला. मावशीनं ते पकडलं, आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाली, “ठिणगे, तू ‘प’ असे वाटतेस जशी काही वाड्याची मालकीण आहेस.” ठिणगी म्हणजे मी. नाव मावशीनंच पाडलंय, आणि मी शाळा कशी सोडली ते ज्यांना माहीत आहे त्यांना ते सौम्यच वाटतं. गणिताच्या सरांनी ‘वजाबाकी तरी येते का’ असं विचारलं, तेव्हा मी कंपासपेटी खिडकीतून बाहेर फेकली. खाली मुख्याध्यापकांची गाडी होती. माझा नेम इतका चांगला असेल हे मलाही माहीत नव्हतं.

तर, एवढे ‘प’ जड होतात ना? मग घ्या. दुसऱ्या दिवशी आलेल्या कागदावर मी एकही ‘प’ ठेवला नाही.

तो कागद वेल्डरकाकांचा होता. काका सहा वर्षं पलीकडच्या देशात वेल्डिंग करत होते. मीसुद्धा अकरा वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढले, बाबांच्या नोकरीमुळे, म्हणून ती भाषा मला येते. तेवढी एकच गोष्ट मला येते. काकांच्या डोक्यात तिकडे एक रक्तवाहिनी फुगली होती. डोकं उघडून तिला चिमट्यासारखी बारकी क्लिप लावली, ती अजून आत आहे. आता त्यांचा पाय बधिर पडत चालला होता, कंबरेचा एमआरआय करायचा होता. आणि एमआरआयचं यंत्र म्हणजे घराएवढं मोठं लोहचुंबक. क्लिप चुंबकाला दाद न देणारी असेल तर काही नाही. पण काही जुन्या क्लिपा ओढल्या जातात, वळतात. डोक्यात, रक्तवाहिनीवर बसून वळतात.

म्हणून स्कॅनवाल्या मॅडमना क्लिपचा नंबर हवा होता. प्रत्येक क्लिपला कंपनीचा एक नंबर असतो, तो यादीत शोधला की कळतं ती कुठली. आणि तो नंबर होता काकांच्या तिकडच्या डिस्चार्जच्या कागदावर. आणि तो कागद पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेला होता.

“लगदा झाला,” काका म्हणाले. स्टुलावर वाकडे बसले होते, बधिर पाय हातानं उचलून नीट ठेवत. “पण माझ्या खोलीतल्या मित्रानं आधी एक फोटो काढला होता. तोच आहे बघ, पोरी.”

त्यांच्या शेजारी त्यांच्या मोठ्या ताई उभ्या. बसायला सांगितलं तरी बसत नाहीत अशा. “तीन आठवडे थांबलोय या नंबरासाठी. उद्या साडेअकराची वेळ दिलीय. चुकली तर परत तीन आठवडे. तोवर याचा पाय राहील की नाही देव जाणे. तेवढं आज होऊ दे.”

“मूळ फोटो मिळेल का? मित्राच्या फोनमधला?” मी विचारलं. फोटो मेसेजमधून आला की दाबून बारीक होऊन येतो, हे मला कळतं.

“मित्राचा फोन चिमणीत पडला,” काका म्हणाले. “कारखान्याच्या.”

म्हणजे आहे तोच फोटो.

फोटो बघितला. चार घड्यांचा कागद, वरून ट्यूबलाइटची चकाकी, डाव्या कोपऱ्यात मित्राचा अंगठा, चांगला पोसलेला. छापील मजकूर ठीक होता, हातानं भरलेलं सगळं पेनाचं आणि फिकट. मी काम केलं. खरं सांगायचं तर चांगलं केलं. आणि मग आदल्या दिवशीचं आठवलं आणि खाली-वर सगळीकडे ‘अ’ भरून टाकले. मावशी कोर्टात दुभाष्याच्या कामाला गेली होती. सही नंतर होईल, आधी मॅडमना दाखवून तर येऊ, असं म्हणून मी कच्चा प्रिंट घेऊन समोर गेले.

स्कॅनवाल्या मॅडम म्हणजे उंच, चष्मा डोक्यावर, कधी डोळ्यांवर नाही. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला.

“पेशंटचं नाव अंदाजे आहे?”

“हो.”

“छापलेलं दिसतंय मला इथून.”

“फोटोत आहे ना. फोटो खराब आहे.”

“आणि हॉस्पिटलचं नाव? ते तर एवढ्या मोठ्या अक्षरात आहे, तुझ्या कपाळाएवढ्या.” त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. “बाळ, सव्वीसच्या सव्वीस ओळी तपासायच्या तर मला भाषांतर कशाला हवंय? ज्योतिषी बसवते की एक. काय बघायचं आणि काय सोडायचं ते सांग. सगळीकडे घंटा वाजवलीस तर आग कुठे लागलीय ते कसं कळणार?”

मी जिना उतरताना त्यांना मनात तीन-चार शिव्या दिल्या. चौथ्या पायरीवर कळलं की त्यांचं बरोबर आहे, म्हणून उरलेल्या शिव्या स्वतःला दिल्या. मला असं दोन्हीकडून भांडायला जमतं.

परत येऊन बसले. आता दाखवतेच, म्हटलं. ‘प’ हवेत ना? असे ‘प’ देते की बघत राहतील. माझ्या फोनमध्ये कागद साफ करणारं एक ॲप होतं. फोटो टाकला की मागचा करडा मळ जातो, पांढरं पांढरं होतं, काळं काळं. मी काकांचा फोटो त्यात घातला.

काय सांगू, जादूच. चकाकी गेली, घडीची सावली गेली. पेनाचं फिकट लिखाण असं उठून आलं जसं कुणी आत्ताच गिरवलंय. मी टेबलावर हात आपटला. पंखासुद्धा क्षणभर नीट फिरल्यासारखा वाटला.

मग ओळीओळीनं पुन्हा सगळं. छापील ओळी प, प, प. भूलतज्ज्ञाची सही: न. अंगठ्याखालची ओळ: ‘न, अंगठा’. एका औषधाच्या नावाचं लघुरूप नीट दिसत होतं, पण ते कशाचं ते मला माहीत नव्हतं. तिथे ‘अ, दिसलं, अर्थ अंदाज’. बघा, इतकी शहाणी झाले होते मी. दाखल तारीख ११, प. सोडल्याची तारीख २४, प. आणि क्लिपची ओळ, हातानं लिहिलेली: नग १, नंबर ४१०. त्या ४१०मधल्या इंग्रजी एकाचं (1) नाक लांब होतं, तिकडे एक तसाच लिहितात. साफ फोटोत तो भाल्यासारखा उभा होता. प.

एवढंच नाही. मी पुढे कंसात ‘टायटॅनियम’ असंही लिहिलं होतं, कारण गुगलून बघितलं होतं. मावशी कोर्टातून आली, पाय बादलीतल्या पाण्यात सोडून बसली आणि लाल पेन घेऊन वाचायला लागली. ‘टायटॅनियम’वर रेघ मारली.

“हे फोटोत आहे?”

“नाही, पण—”

“मग तू कधीपासून लोहार झालीस? नंबर आपण सांगायचा, धातू मॅडम बघतील.”

“बरं.”

बाकी सगळं तिनं फोटोशी ताडून पाहिलं. कुठल्या फोटोशी? मी काढून ठेवलेल्या साफ प्रिंटशी. “छान आलाय गं हा फोटो,” असंही म्हणाली. मी म्हटलं, “हो, जरा उजळला.” जरा! मावशीनं सही केली, शिक्का मारला. म्हणजे एका खोट्याला आम्ही दोघींनी मिळून दोनदा खरं म्हटलं, आणि वर शिक्का.

मी तो कागद तसाच समोर नेऊन दिला. मॅडमनी वाचला, मान डोलावली. “आता कसं! पाच ठिकाणी बघायचं, दोन ठिकाणी विचारायचं, बाकी सरळ वाचायचं. याला म्हणतात काम.”

जिना उतरताना मी शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी परत कोर्टात, मी फायली लावत होते. मावशीचा अजून एक नियम: फाईलमध्ये भाषांतराच्या मागे फोटो जसा आला तसाच लावायचा. उजळवलेला नाही, जसा आला तसा. मला हा नियम नेहमी म्हातारपणाचा वाटायचा. मूळ फोटो प्रिंटरमधून बाहेर आला, करडा, मरगळलेला. मी त्याला भोकं पाडत होते आणि उगाच काकांचं बोलणं आठवलं. काल बसल्या बसल्या ते तिकडच्या हॉस्पिटलची तारीफ करत होते.

“सात दिवस ठेवलं, पोरी. मोजून सात. आठव्या दिवशी मी जिना चढलो. नर्स म्हणाली, वेल्डरचं डोकंही लोखंडी असतं वाटतं.”

मी समोर बघितलं. दाखल ११. सोडलं २४.

आता वजाबाकी. सर, तुम्ही असाल तिथे हसून घ्या. मी बोटांवर मोजलं. अकरा ते चोवीस, हाताची बोटं संपली, टेबलावरच्या पिना घेतल्या. तेरा.

तेरा कसे?

काका विसरले असतील, म्हटलं. डोकं उघडलेला माणूस, त्याला काय दिवस मोजता येणार. भोकं पाडायचं यंत्र हातात तसंच धरून मी मूळ फोटो फोनमध्ये उघडला आणि तारखेवर दोन बोटांनी ताणला. ताणला, अजून ताणला, चौकोन चौकोन दिसायला लागेपर्यंत.

अकरातल्या दुसऱ्या एकाच्या पोटावर एक बारीकशी करडी रेघ होती. आडवी. केसाएवढी.

तिकडे सात लिहिताना मधे एक आडवी रेघ मारतात. एक आणि सात गोंधळू नयेत म्हणूनच मारतात. हे मला माहीत आहे. मी तिथे चार वर्षं शाळेत तस्साच सात लिहिला, आणि इकडे आल्यावर त्यासाठी ओरडा खाल्ला. ती रेघ पेनानं हलकी मारली जाते. फोटोत फिकट आली होती. आणि माझ्या जादूच्या ॲपनं फिकट ते सगळं मळ समजून पुसून टाकलं होतं. सताराचा... नाही, सतराचा अकरा केला होता. बघा, लिहितानाही चुकतेय.

सतरा ते चोवीस. सात दिवस. काकांचं डोकं खरंच लोखंडी.

मग मी क्लिपची ओळ ताणली. चार. शून्य. मधे लांब नाकाचा दांडा, आणि बरोबर त्याच्या पोटावरून घडी गेलेली. रेघ असेल तर घडीत असेल, नसेल तर नसेल. किती ताणलं तरी घडी ती घडी. तो एक होता किंवा सात होता. आणि त्याच्यापुढे माझ्या हातचा ‘प’ होता. आणि मॅडम फक्त ‘अ’ आणि ‘न’ तपासणार होत्या. कारण मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

फोन लावला. विभागाचा नंबर एंगेज. परत लावला. एंगेज. मी ऑफिसला कुलूप न लावता जिना उतरले. एक चप्पल पायात, दुसरी दाराशी राहिली, हे मला हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये कळलं. लिफ्टमधल्या सगळ्यांना माझ्या आधी कळलं होतं.

काका स्कॅनच्या खोलीबाहेर हिरवा गाऊन घालून बसले होते, मागून बांधायचा. ताई त्यांचं घड्याळ, पट्टा, पाकीट ओंजळीत धरून. मॅडम हातातल्या फॉर्मवर खुणा करत होत्या. वेल्डर म्हणून डोळ्यांत लोखंडाचा कण आहे का, ते आधीच एक्सरेनं बघून झालं होतं. मॅडम कसलीच गोष्ट गृहीत धरत नाहीत. माझा ‘प’ सोडून.

“थांबा!” मी ओरडले. अख्खा पॅसेज थांबला. एक ट्रॉलीसुद्धा.

“काय झालं?” मॅडम.

“तो नंबर. क्लिपचा. पक्का नाहीये.”

“पक्का लिहिलायस.”

“लिहिलाय. पण नाहीये.” दम लागला होता, आणि लाज त्याच्या दुप्पट. “मी साफ केलेल्या फोटोवरून ‘प’ दिला. साफ करताना फिकट रेघा जातात. तारखेत सतराचा अकरा झालाय, तो मी आत्ता पकडला. तसंच क्लिपच्या नंबरातही झालं असेल. ४१० असेल किंवा ४७०. मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही, तिथे घडी आहे.”

मॅडमनी फॉर्मवरचं पेन उचललं. रागावल्या नाहीत. मला ते जास्त लागलं. “४१० मी काल यादीत बघितला. चालतो,” त्या सावकाश म्हणाल्या. “४७० बघितलेला नाही.” त्यांनी आत जाऊन बघितलं. आम्ही तिघं बाहेर. त्या आल्या. “४७० माझ्या यादीत नाही. असा असला तर मी यांना आत नेणार नाही. आणि असा आहे की नाही ते माहीत नसताना तर नाहीच नाही. आजचं रद्द.”

ताईंची ओंजळ उघडली. पट्टा खाली पडला.

“काल पक्कं होतं!” त्या माझ्याकडे वळल्या. “काल पक्कं, आज कच्चं! तू भाषांतर करतेस का हवामान सांगतेस?”

मला उत्तर देता आलं असतं. माझ्या जिभेवर नेहमी एक तयार असतं. पण त्या बोलत होत्या आणि त्यांचा हात काकांच्या बधिर गुडघ्यावर होता, आणि काकांना तो हात लागत नव्हता. ते खाली बघून खात्री करत होते की हात तिथे आहे. मी ते उत्तर गिळून पट्टा उचलून दिला. हा माझा विक्रम असावा.

“ताई, अगं असू दे,” काका म्हणाले. “आत गेल्यावर सांगितलं असतं तर? हिला ठिणगी म्हणतात ना? आपल्याच धंद्यातली आहे. ठिणगी उडाली की वेल्डरनं चेहरा मागे घ्यायचा. घेतला, बस.”

“गाऊन घालून विनोद करू नकोस,” ताई म्हणाल्या.

मॅडमनी मला खुर्ची दाखवली. “बस. पाय बघ तुझा, रक्त येतंय. आणि आता काय करायचं ते सांग. मूळ नोंद कुठे असेल?”

मूळ नोंद तिकडच्या हॉस्पिटलात. ऑपरेशनमध्ये जी वस्तू शरीरात बसवतात तिच्या पाकिटावर छापील चिकटपट्टी असते, तीच काढून फाईलमध्ये चिकटवतात. डिस्चार्जच्या कागदावर कुणीतरी त्यावरून हातानं उतरवलं होतं. म्हणजे आपल्याला पाहिजे होती ती चिकटपट्टी. मॅडमनी विभागाच्या पत्त्यावरून मेल लिहिली, ती मी तिकडच्या भाषेत केली, काकांनी परवानगीच्या कागदावर सही केली. मग मी तिथल्या नोंदीच्या खोलीला फोन लावला. तिकडच्या बाई आधी जन्मतारीख, मग पत्ता, मग पेशंटचा आवाज मागत राहिल्या. काका फोनमध्ये ओरडून त्यांच्या वेल्डिंगच्या भाषेत बोलले, ज्यात अर्धे शब्द शिव्या होत्या. बाई हसल्या. उद्या पाठवते, म्हणाल्या. मेल हॉस्पिटललाच, दुसऱ्या कुणाला नाही.

मावशी दुपारी परत आली. मी तिला सगळं सांगितलं, चप्पल सोडून. ती खुर्चीत बसली आणि तिनं स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं.

“सही माझी आहे,” ती म्हणाली.

“फोटो मी बदलला.”

“आणि मी विचारलं नाही, मूळ कुठाय. ‘छान आलाय’ म्हणाले. इतक्या वर्षांत फोटो कधी छान आलाय?” मग एकदम चिडली. “आणि तू कुलूप न लावता गेलीस! प्रिंटर उचलून नेला असता कुणी!”

“तो कोण उचलणार, त्याला कागद अडकायचा रोग आहे.”

“उठ. दुरुस्त कर.”

मी नवं भाषांतर केलं, मूळ करड्या फोटोवरून, डोळे फुटेस्तोवर. चौदा ‘प’ उरले. दाखल तारीख: १७, अ, आडवी रेघ फिकट, पेशंटच्या सांगण्याशी जुळते. क्लिपची ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी अशी लिहिली: नंबर चार, एक किंवा सात, शून्य. अ, घडी. मूळ नोंद पाहिल्याशिवाय वापरू नये. मावशीनं वर एक ओळ वाढवली: ‘सर्व खुणा मूळ फोटोवरून, आधीची प्रत रद्द.’ आणि ती मला स्वतः समोर नेऊन द्यायला लावली, दोन्ही पायांत मावशीची चप्पल घालून.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिकटपट्टीची प्रत आली. फाईल स्कॅन करून पाठवलेली, कडक. छापील अक्षरं, बारकोड, नंबर. मॅडमनी मला बोलावून घेतलं. ताई होत्या, काका होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी पडद्याकडे.

४१०.

छापलेला. एकाला ना लांब नाक ना पोट. नुसता एक.

ताईंनी आधी देवाचं नाव घेतलं, मग माझं. म्हणजे माझं नाही, “ही पोरगी!” असं. “म्हणजे कालच बरोबर होतं! आणि उगाच आम्हाला घरी पाठवलं! मी रात्रभर डोळा मिटला नाही!”

माझेही कान तापले. खरंच की. मी पहिल्यांदाच बरोबर होते. पळत आले नसते तर काल स्कॅन झालं असतं, काही बिघडलं नसतं, मी शिट्टी वाजवत राहिले असते. चप्पलही गेली नसती. (गेली होती. कुणीतरी दारातून एकच चप्पल चोरली. अशा माणसाला काय म्हणावं.)

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर घेतला, यादीशी नंबर लावला, कंपनीच्या कागदाशी लावला, त्यांच्या यंत्राची ताकद अटींत बसते का ते बघितलं, रेडिओलॉजिस्टची सही घेतली. मग ताईंना म्हणाल्या, “काल ते बरोबर होतं. पक्कं नव्हतं. मी बरोबरच्या भरवशावर कुणाला आत पाठवत नाही.” आणि मला म्हणाल्या, “शनिवारी सकाळी एकानं वेळ सोडलीय. यांना देते. याचं भाषांतर टाईप कर, चारच ओळी आहेत.”

चार ओळी टाईप केल्या. तीन ‘प’. खाली कुणाचीतरी सही होती, ती वाचता येत नव्हती. तिथे ‘न’ लावला. मॅडम तो ‘न’ बघून हसल्या, म्हणजे ओठ एका बाजूला गेले, त्यांचं तेवढंच.

शनिवारी मला जायचं काही कारण नव्हतं. गेले. काका आत, बाहेर आम्ही दोघी. बंद दाराआडून ठोक ठोक ठोक आवाज येत होता, जसं कुणी पत्र्याचं कपाट आतून वाजवतंय. ताई पहिल्यांदाच बसल्या होत्या. पट्टा आणि घड्याळ मांडीवर.

“पोरी,” त्या दाराकडे बघतच म्हणाल्या, “होईल ना गं पाय बरा? पक्कं सांग.”

मला सांगायचं होतं. फार सांगायचं होतं. ‘प’ तोंडापर्यंत आला होता.

“मी फक्त कागदावरचं सांगते, ताई,” मी म्हटलं. “हे डॉक्टरांना विचारा.”

“मेली कुठली,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून केळं काढून माझ्या हातात दिलं.

आवाज चालू होता. मी केळं खात बोटांवर मोजत बसले. सतरा ते चोवीस. सात. पक्कं.

तरी एकदा परत मोजलं.